64 जीबीचा फोन सारखा भरतो, फुकटातलं कुठलं स्टोरेज घेऊ?

"दादा, माझा 64 जीबीचा अँड्रॉइड आहे, दोन वर्षं झाली घेऊन. रोज स्टोरेज फुल येतं, फोटो काढायला गेलं की कॅमेरा नाही म्हणतो. नेटवर बघितलं तर गूगल 15 जीबी देतं, मेगा 20, वनड्राइव्ह 5, ड्रॉपबॉक्स 2, आणि एक ॲप तर 1000 जीबी फुकट म्हणतंय. मला यातलं काही कळत नाही आणि पैसे भरायचे नाहीयेत. कुठलं घेऊ? आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो, घरी वायफाय नाही."

ताई, सगळ्यात आधी फोन नक्की काय म्हणतोय ते नीट वाचा. फुल असल्याचे मेसेज दोन वेगवेगळे असतात आणि माझ्या दुकानात येणारे निम्मे लोक दोन्हीची सरमिसळ करतात. एक असतो फोनच्या पोटातल्या जागेचा, म्हणजे तुमचे ते 64 जीबी, त्यात कॅमेरा चालत नाही, ॲप अपडेट होत नाही. दुसरा असतो गूगल खात्याच्या 15 जीबीचा, तो जीमेलमध्ये किंवा गूगल फोटोजमध्ये वरती पट्टी येऊन दिसतो. पहिला मेसेज येत असताना दुसरीकडची जागा वाढवून काही होत नाही, आणि दुसरा येत असताना फोनमधली ॲप उडवून काही होत नाही. तुमचा कॅमेरा अडतोय म्हणजे तुमचा पहिला आहे. पण दुसराही दाराशी येऊन उभा असणार, दोन वर्षांच्या फोनला तो असतोच बहुतेक.

आता 15, 20, 5, 2 हे आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा. मी जेल रोडला मोबाइल रिपेअरिंग आणि डेटा ट्रान्सफरचं काम करतो, सोळा वर्षं झाली, आणि मी गिऱ्हाइकाला आकडा विचारतच नाही, तीन गोष्टी विचारतो. ही जागा आणखी कोणाबरोबर वाटून घ्यायची आहे का, फोनमधून फोटो उडवला तर तिथलाही उडतो का, आणि मी वर्ष-दोन वर्षं तिकडे फिरकलोच नाही तर माझ्या सामानाचं काय होतं.

गूगलचे 15 जीबी एकट्या फोटोंचे नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांचं ते एकत्र कुटुंब आहे आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच ताटात जेवतो, आधी तो मोजत नव्हते. जुने लोक सांगतात ना की गूगलवर फोटो अनलिमिटेड फुकट, ते 1 जून 2021 ला संपलं. त्या तारखेच्या आधी हाय क्वालिटीत चढवलेले मोजत नाहीत, नंतरचा प्रत्येक फोटो मोजतात, लहान करून चढवला तरी. आणि हे 15 भरले की नुसते फोटो थांबत नाहीत, जीमेलवर येणारी मेलही थांबते, पाठवणाऱ्याला ती परत जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून मी गूगलचं खातं काठोकाठ कधीच भरू देत नाही, एखादा जीबी मोकळा ठेवतोच.

मेगाचे 20 वेगळ्या स्वभावाचे आहेत. तिथे मेल नाही, काही नाही, नुसतं कपाट. फाइल जशी टाकाल तशीच राहते, लहान होत नाही. पण त्याला कुलूप असं आहे की किल्ली फक्त तुमच्याकडे, कंपनीकडेही नाही. पासवर्ड विसरलात आणि खातं काढताना मिळालेली रिकव्हरी की जपून ठेवली नसेल तर आतलं सामान कोणीही काढून देऊ शकत नाही, मी पण नाही, माझ्याकडे असे दोन-तीन जण रडकुंडीला येऊन गेलेत. वनड्राइव्हचे 5 जीबी घरी विंडोजचा कंप्युटर असेल तर सोयीचे, कागदपत्रांना पुरतात. ड्रॉपबॉक्सच्या 2 मध्ये फोटोवाल्याचं काही भागत नाही, तो विषय सोडून द्या. आयक्लाउडचे 5 आयफोनवाल्यांसाठी, तुम्हाला कामाचे नाहीत.

राहिलं ते 1000 जीबीवालं. नाव घेत नाही, अशी बरीच आहेत. माझा नियम एकच, टाकून बघू नका, काढून बघा. 500 एमबीचा एक व्हिडिओ चढवा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या फोनवर लॉगिन करून तो परत उतरवा आणि घड्याळ लावा. टाकताना गंगेसारखं धो धो वाहतं आणि काढताना जाहिराती बघा, थांबा, प्रीमियम घ्या म्हणतं, तर समजा की जागा फुकट आहे पण बाहेर पडायचं दार फुकट नाही. तशीच सिमकार्ड कंपन्यांची 50-100 जीबी देणारी स्कीम, ती रिचार्जला बांधलेली असते किंवा सहा महिन्यांची असते, सहा महिन्यांनी तुमचे 60 जीबी फोटो आत आणि मर्यादा परत 15 वर, मग पैसे भरा नाहीतर रोज तो लाल मेसेज बघा. तात्पुरती जागा म्हणून वापरा, घर म्हणून नको.

तर माझं उत्तर असं की दोन ठेवा, दोनच. फोटोंसाठी गूगल, कारण तो आपोआप चालतो आणि तुम्ही त्यात आधीच लॉगिन आहात. आणि जड व्हिडिओंसाठी मेगा, हाताने टाकायचं कपाट म्हणून. तिसरं-चौथं खातं काढलंत की कुठला फोटो कुठे ठेवलाय हेच आठवत नाही. पण हे करायचा क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकला की सगळं चुकतं, म्हणून एक केस पूर्ण सांगतो.

गेल्या महिन्यात रामबागेतल्या एक रिटायर्ड मास्तरीण काकू आल्या होत्या, फोन तुमच्यासारखाच, 64 जीबी. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडलं तर सिस्टम 19 जीबी, ॲप 12, व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ 15, कॅमेऱ्याचे फोटो सुमारे 2100, ते झाले साडेआठच्या जवळ, आणि स्वतः काढलेले व्हिडिओ 7. म्हणजे साडेएकसष्ट झाले, उरले अडीच. अँड्रॉइडला स्वतःलाच श्वास घ्यायला चार-पाच जीबी लागतात, म्हणून फोन रखडत होता. व्हिडिओ 7 जीबी म्हणजे फार नाही हं, 1080p वर एका मिनिटाला 100 ते 130 एमबी जातात, तर तो सगळा मिळून तासाभराचाच ऐवज, त्यातला अर्धा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा आणि रंगपंचमीच्या गेरचा, एकेक सलग आठ-दहा मिनिटांचा. काकू म्हणाल्या, "अरे, झांकी थांबतच नाही तर मी कशी थांबवू?" बरोबर आहे.

मग त्यांचं गूगल खातं बघितलं, one.google.com/storage उघडलं की कोणाने किती खाल्लं ते दिसतं. जीमेल साडेतीन, ड्राइव्ह अर्धा, व्हॉट्सॲप बॅकअप 4, फोटोज 5, आणि ते 5 जुन्या फोनचे. या फोनचा बॅकअप एकदाही झालेलाच नव्हता! कारण तुमच्यासारखंच, घरी वायफाय नाही, आणि गूगल फोटोज मुळात वायफायची वाट बघत बसतो. दोन वर्षं तो बिचारा वाट बघत होता आणि काकूंना वाटत होतं की फोटो वर जातायत. एकूण 13 वापरलेले, 2 मोकळे. आता या 2 मध्ये साडेआठचे फोटो कसे घालणार?

इथे बहुतेक लोक बॅकअपचं बटण दाबून मोकळे होतात, तिथेच गडबड. गूगल फोटोज कॅमेऱ्याचं फोल्डर अख्खं उचलतो, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही, त्यातले फक्त फोटो घे असं त्याला सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी झांकीचे व्हिडिओ चढले असते, खातं भरलं असतं आणि मेल बंद. म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली.

आधी व्हॉट्सॲप. त्यात सेटिंग, मग Storage and data, मग Manage storage. तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली एकीकडे दिसतात आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या एकीकडे. दुसऱ्या ढिगातलं तर डोळे मिटून उडवा, सुप्रभात आणि कुठल्यातरी बाबांचे व्हिडिओ, काकूंचे 15 मधले 11 जीबी अर्ध्या तासात गेले. नातवाचे चार व्हिडिओ तेवढे वेगळे काढून ठेवले. मग ऑटो डाउनलोड बंद केलं, नाहीतर दोन महिन्यांत परत जैसे थे. एवढ्यानेच कॅमेरा चालू झाला, अजून क्लाउडला हातही लावला नव्हता. ताई, तुम्ही पण इथपर्यंत आधी करा, कदाचित बाकीचं निवांत करता येईल.

दुसरं, गूगल खात्यातली जागा. व्हॉट्सॲपमध्येच Chats, मग Chat backup, तिथे Include videos बंद केलं आणि लगेच नवा बॅकअप घेतला, 4 वरून सव्वावर आला. नवा बॅकअप घेतल्याशिवाय जुनाच मोठा तिथे पडून राहतो हे लक्षात ठेवा. मग जीमेलच्या सर्चमध्ये हे टाकलं:

```
has:attachment larger:10M
```

याने जोडणी असलेल्या आणि एकूण 10 एमबीपेक्षा जड असलेल्या मेल बाहेर येतात. शाळेच्या गॅदरिंगचे फोटो, कोणाच्यातरी लग्नाची पीडीएफ पत्रिका, असं दोन जीबी निघालं. उडवल्यावर ट्रॅश पण रिकामा करायचा, नाहीतर जागा लगेच सुटत नाही. आता खात्यात पावणेसात मोकळे.

तिसरं, व्हिडिओ. मेगाचं ॲप टाकलं, खातं काढलं, रिकव्हरी की डाउनलोड झाली तर ती फोनमध्ये ठेवू दिली नाही, प्रिंट काढून काकूंना पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवायला लावली. हो, पासबुकात, कारण ते त्या हरवत नाहीत. की फोनमध्येच ठेवलीत आणि फोनच गेला तर काय उपयोग? मग 7 जीबी व्हिडिओ वर्षाच्या नावाने फोल्डर करून चढवले. माझ्या दुकानातल्या ब्रॉडबँडवर दीड-पावणेदोन तास लागले. तुमच्याकडे वायफाय नाही, आणि रोज दीड जीबीचं पॅक असेल तर हेच काम निदान पाच दिवसांचं होतं, रोज रात्री दहा-साडेदहानंतर उरलेला डेटा त्याला द्या, बाराला कोटा नवा होतोच. फोन चार्जिंगला लावून ॲप उघडं ठेवा, स्क्रीन बंद केली की बरेच फोन पाठीमागे चाललेलं काम मारून टाकतात आणि सकाळी बघावं तर तीनच व्हिडिओ चढलेले.

चढल्यावर लगेच उडवायचे नाहीत. मी दुसऱ्या फोनवर मेगा उघडतो, सगळ्यात मोठा व्हिडिओ निवडतो आणि शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे सरकवून बघतो. शेवट चालला तर खात्री. मग फोनवरून व्हिडिओ उडवले. एक सांगून ठेवतो, मेगातून सगळं एका दमात परत उतरवायला गेलात तर फुकटवाल्या खात्याला मध्येच थांबवतात, काही तासांनी या म्हणतात. एखाददुसरा व्हिडिओ काढायला अडचण नाही, पण पूर्ण 7 जीबी तातडीने लागतील अशी वस्तू तिथे ठेवू नका.

आणि आता चौथं, गूगल फोटोजचा बॅकअप. चालू करायच्या आधी क्वालिटी Storage saver निवडली, हे आधीच करायचं, नंतर नाही. यात फोटो जास्तीत जास्त 16 मेगापिक्सेल ठेवून आवळला जातो, काकूंचे साडेआठचे पाचच्या आसपास झाले, तुमचे थोडे वेगळे होतील. फोनवर बघताना किंवा अल्बमच्या साइजची प्रिंट काढताना फरक शोधून सापडत नाही. कोणी फोटोग्राफी शिकत असेल तर त्याने हे करू नये, तुम्हाला चालेल. मग मोबाइल डेटावर बॅकअप चालू, त्याला रोजची मर्यादा लावता येते, आणि मोबाइल डेटावर व्हिडिओ चढवायचं वेगळं बटण आहे ते बंदच. आणि हो, फोल्डर कुठले घ्यायचे ते विचारतो तिथे व्हॉट्सॲपचं फोल्डर घेऊ नका, इतकं सांगूनही लोक घेतात आणि मग गुड मॉर्निंगचे गुलाब 15 जीबीत जाऊन बसतात.

नंतर व्हिडिओ काढलात की त्याचा एक धोका, कधी मावशीकडे गेलात आणि तिच्या वायफायला जोडलंत की गूगल ते व्हिडिओ चढवून मोकळा होईल. म्हणून मोठा व्हिडिओ काढला की त्याच रात्री फाइल मॅनेजरने कॅमेऱ्याच्या फोल्डरमधून उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, मी काकूंचं "झांकी" नावाचं फोल्डर करून दिलंय. त्या फोल्डरचा बॅकअप तुम्ही स्वतः चालू करत नाही तोवर गूगल तिकडे बघत नाही.

बॅकअप झाला की फोनवरचे फोटो काढायचे, आणि इथे ताई नीट वाचा कारण सगळ्यात जास्त रडारड इथलीच आहे. गूगल फोटोजमध्ये उजवीकडे वर तुमच्या फोटोवर टिचकी मारली की Free up space दिसतं. ते फक्त फोनमधली प्रत काढतं, आणि तीही जी वर पोचलेली आहे तिचीच. पण गूगल फोटोजमध्येच फोटो निवडून डस्टबिन दाबलंत तर तो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो, सगळीकडून. लोक म्हणतात "वर तर आहे ना" आणि डस्टबिन दाबतात. असं झालं तर घाबरू नका, बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस असतो, तिथून परत आणा, पण 60 दिवसांनंतर माझ्याकडे या म्हणू नका.

दाबायच्या आधीची तपासणी माझी अशी, क्रोममध्ये photos.google.com उघडायचं, शक्यतो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर तुमच्या खात्याने, आणि तीन फोटो शोधायचे, एक दोन वर्षांपूर्वीचा, एक मधला, एक कालचा. तिन्ही दिसले, उघडून मोठे झाले, तर दाबा. कालचा दिसत नसेल तर बॅकअप अजून चाललाय, थांबा. काकूंच्या फोनमध्ये सगळं झाल्यावर अडीचऐवजी एकोणतीस जीबी मोकळे झाले, गूगल खात्यात पावणेदोन मोकळे आणि मेगात 13.

आता हे किती दिवस पुरेल ते पण सांगायला हवं. काकूंचे दोन वर्षांत साडेआठ जीबी फोटो म्हणजे महिन्याला 350 एमबी, आवळून साधारण 200. गूगलमध्ये पावणेदोन मोकळे, तर आठ-नऊ महिने. हा हिशेब तुम्ही तुमचा करा, फोटोंची एकूण साइज भागिले फोन घेऊन झालेले महिने, बस. तुमचा महिन्याचा आकडा 200 एमबी असेल आणि खात्यात बरीच जागा मोकळी असेल तर फुकटात आरामात चालतं, पण घरात लहान बाळ आहे आणि महिन्याला 2-3 जीबी होतायत तर मग कुठलंही फुकटवालं घ्या, वर्षाच्या आत भरणारच, तिथे 15 की 20 याने फरक पडत नाही.

भरलं की दुसरी जीमेल आयडी काढावी असं तुमच्या मनात येईल, सगळ्यांच्याच येतं, मी पण केलंय. भाच्याच्या मुंजीचे व्हिडिओ मी एक वेगळं खातं काढून त्यात टाकले होते, तेव्हा दुकानासाठी घेतलेल्या सिमच्या नंबरवर. पुढे ते सिम बंद पडलं, खात्यात कधी गेलो नाही, पासवर्ड आठवेना, ओटीपी त्या बंद नंबरवर जाणार. चूक सगळी माझी, बहीण अजून ऐकवते. गूगलचा तर नियमच आहे की खातं दोन वर्षं कशालाच वापरलं नाही तर ते आतल्या सामानासकट काढून टाकू शकतात, मेगाही फार काळ न उघडलेलं फुकट खातं बंद करू शकतं. म्हणून दुसरी आयडी काढलीच तर तुमच्या चालू नंबरवर काढा, आणि मेगा काय, ती आयडी काय, दर तीन महिन्यांनी एकदा उघडा. काकूंनी त्यासाठी चतुर्थी धरलीय, गणपतीला जाऊन आल्या की मेगा उघडतात.

आणि ज्या गोष्टी गेल्या तर परत मिळणारच नाहीत, बाबांचा शेवटचा वाढदिवस, मुंज, लग्न, त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर पण घ्या. टाइप सी वाला ओटीजी पेन ड्राइव्ह थेट फोनला लागतो. नवीन पेन ड्राइव्ह पुष्कळदा FAT32 नावाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये येतो आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही, लग्नाचा सलग व्हिडिओ टाकताना एरर आली तर पेन ड्राइव्ह खराब नाहीये, कंप्युटरला लावून exFAT मध्ये फॉरमॅट करून घ्या, आधी त्यात काही असेल तर काढून ठेवा, फॉरमॅटने सगळं पुसतं. वर्षातून एकदा, गणपती उठले की करते असं ठरवा, झांक्यांचे नवे व्हिडिओ पण तेव्हाच आलेले असतात.

तुमचा हिशेब काढून झाला की स्टोरेजचे आकडे इथे टाका, सिस्टम, ॲप, व्हॉट्सॲप, फोटो, व्हिडिओ आणि गूगलचे किती वापरलेत ते, मग व्हिडिओ आधी काढायचे की मेल, ते बघून सांगतो.